पहिल्या वर्षाचा हिशेब : लसी, लंगोट आणि थांबलेला पगार

घरात पाळणा हलणार असल्याची खुशखबर मिळाली की पहिल्या काही दिवसांतच कुणीतरी विचारतं, "बाळाच्या लसींना किती लागतात हो?" त्यानंतर डायपरचा भाव निघतो, मग अकीक्याच्या बकऱ्यांचा. या सदरासाठी येणाऱ्या विचारणांतही हाच क्रम असतो. ज्या घरात आई कमावती आहे, तिथे पहिल्या वर्षाची सर्वांत मोठी रक्कम मात्र यांपैकी कशातच नसते. ती असते भरपगारी रजा संपल्यापासून बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंतच्या महिन्यांत. या महिन्यांचा हिशेब फार थोड्या घरांत आधी मांडला जातो, म्हणून या वेळी तोच सविस्तर मांडतो. त्याआधी लसी आणि सामान यांचा भाग उरकून घेऊ.

हिशेबासाठी कोंढव्यातलं एक घर धरू. नवरा हडपसरच्या एका कारखान्यात, हातात येणारा पगार ३२,००० रुपये. बायको स्वारगेटजवळच्या खासगी कार्यालयात हिशेबनीस, पगार २६,०००. घरभाडं, किराणा, गाडीचा हप्ता, गावी अम्मी-अब्बांना पाठवायचे पैसे आणि महिन्याची ५,००० ची भिशी मिळून खर्च ४९,०००. यातले २,००० बायकोच्या जाण्यायेण्याचे आणि बाहेरच्या चहापाण्याचे. पहिलं मूल. बाळंतपणाचं बिल वेगळं ठेवलं आहे, कारण आजचा विषय बाळ घरी आल्यानंतरचा आहे. पुढचे भाव आम्ही हिशेबासाठी धरलेले आहेत, तिथे तुमच्या मोहल्ल्यातले भाव घालावेत.

लसींच्या बाबतीत दोन टोकं आहेत. महापालिकेच्या दवाखान्यात पहिल्या वर्षाच्या राष्ट्रीय वेळापत्रकातल्या सगळ्या लसी मोफत मिळतात. जन्मतः बीसीजी, पोलिओचे थेंब आणि काविळीची (हेपॅटायटिस-बी) लस, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस आणि पोलिओ, त्यातच सहा आणि चौदा आठवड्यांना न्यूमोनियापासून वाचवणारी पीसीव्ही, आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, पीसीव्हीचा बूस्टर व पोलिओचं आणखी एक इंजेक्शन. रोटाव्हायरस आणि पीसीव्ही या महागड्या लसी पूर्वी सरकारी यादीत नव्हत्या, त्यामुळे "चांगल्या लसी खासगीतच मिळतात" हा समज पक्का झाला. आता त्या यादीत आहेत.

खासगी दवाखान्यात तिन्ही वेळची 'न दुखणारी' सहा-एकात लस प्रत्येकी ४,००० च्या आसपास धरली, पीसीव्ही ३,५०० आणि रोटाव्हायरस १,५०० धरली, तर या तीन फेऱ्यांचेच २७,००० होतात. जन्मतःच्या लसी, फ्लूचे दोन डोस, टायफॉइड, गोवर-गालगुंड आणि दर वेळची तपासणी फी मिळवली की आकडा ३८,००० च्या घरात जातो. 'न दुखणारी' म्हणजे डांग्या खोकल्याचा घटक वेगळ्या पद्धतीने तयार केलेली लस. तिने ताप आणि सूज कमी येते, हा तिचा खरा फायदा. सरकारी लसीने एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, मांडी सुजू शकते, पण संरक्षणात ती उणी नाही. आमचं मत असं की पैशांची ओढ असेल तर मूळ लसी महापालिकेत घ्याव्यात, आणि यादीबाहेरच्या फ्लू-टायफॉइडबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारून तेवढ्याच खासगीत घ्याव्यात. आपल्या नमुना घरासाठी याचे ७,००० धरले आहेत.

मोफत लसीचीही एक किंमत असते : अर्ध्या दिवसाचा खाडा. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी एकदा द्रावण मिसळून उघडली की चार तासांत संपवावी लागते. एका कुपीत अनेक बाळांचे डोस असतात, त्यामुळे केंद्रं या लसींचे वार ठरवून ठेवतात. मंगळवार पेठेतलं कमला नेहरू रुग्णालय असो, भवानी पेठेतलं सोनवणे रुग्णालय असो की जवळचा दवाखाना, आधी वार आणि वेळ विचारून जावं, म्हणजे बापाचा पगार दोनदा कापला जात नाही. लसीचं कार्ड एकच ठेवावं. अर्ध्या लसी इथे आणि अर्ध्या तिथे घ्यायच्या असतील तर दोन्ही ठिकाणी तेच कार्ड दाखवावं, नाहीतर पीसीव्हीचा एखादा डोस राहून जातो किंवा दोनदा लागतो.

सामानात पैसे जिरतात ते डायपर आणि डब्याच्या दुधात. दिवसाला सहा डायपर धरले तर वर्षाचे सुमारे २,२००. एक ११ रुपयांना धरला तरी २४,००० होतात. तेच दिवसा जुन्या सुती दुपट्ट्यांचे लंगोट आणि फक्त रात्री किंवा बाहेर जाताना डायपर असं ठेवलं, तर ४०० डायपर म्हणजे ४,४०० रुपये. अम्मीच्या काळातले लंगोट काही बिघडवत नाहीत, फक्त पावसाळ्यात वाळत नाहीत. तेवढे दोन महिने हिशेब थोडा ढिला ठेवावा.

डब्याच्या दुधाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. तीन-चार महिन्यांचं बाळ केवळ त्यावर असेल तर ४०० ग्रॅमचा डबा साडेतीन-चार दिवसांत संपतो, म्हणजे महिन्याला आठ-नऊ डबे. डबा ४२५ रुपयांना धरला तर महिन्याचे साडेतीन हजारांच्या वर जातात. ही रक्कम झेपत नाही म्हणून काही घरांत पावडर कमी आणि पाणी जास्त घातलं जातं. पोट भरल्यासारखं वाटतं, पण बाळाचं वजन वाढत नाही. दर महिन्याला कार्डावर वजन लिहून घेतलं तर रेषा सपाट होताना ताबडतोब दिसते. आईचं दूध पुरत असेल तर हा खर्च शून्य आहे, आणि म्हणूनच आई कामावर परत कधी जाते यावर तो अवलंबून आहे.

आपल्या घरात आईचं दूध धरलं आहे. लसी ७,०००, अंथरूण-मच्छरदाणी-लंगोट ६,०००, डायपर ४,४००, तेल-साबण व किरकोळ ६,०००, डॉक्टरांच्या फेऱ्या आणि औषधं ४,२००, सहा महिन्यांनंतरची नाचणी-खिचडी-फळं ४,८०० आणि कपडे ४,०००. एकूण ३६,४००, म्हणजे महिन्याला साधारण ३,०००. पाळणा आणि झबली खालाच्या घरून आली आहेत, ती मोजलेली नाहीत.

आता मूळ मुद्दा. मातृत्व लाभाच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. अट अशी की संभाव्य तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या नोकरीत किमान ८० दिवस काम झालेलं असावं. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या दुकाना-कार्यालयांनाही हे लागू आहे. दोन मुलं हयात असताना तिसरं झालं तर मात्र रजा १२ आठवड्यांचीच. ज्यांचा पगार २१,००० पर्यंत आहे आणि ईएसआयची कपात होते, त्यांना हे पैसे मालकाकडून नव्हे तर ईएसआयकडून मिळतात. त्यासाठी आधीच्या दोन अंशदान-कालावधींत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. पगारात जादा कामाचे पैसे धरत नाहीत, त्यामुळे ज्या भगिनींचा पगार ओव्हरटाइमने फुगलेला असतो, त्यांना रजेत कमी रक्कम येते.

२६ आठवडे म्हणजे बाळाचे सहा महिने, असं सगळे धरून चालतात. तसं नसतं. यातली आठ आठवड्यांपर्यंतची रजा बाळंतपणाआधी घेता येते, आणि आधी घेतलेला प्रत्येक आठवडा नंतरच्यातून वजा होतो. आठही आठवडे आधी घेतले तर रजा संपते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. बाळ तारखेपेक्षा उशिरा आलं तर तेवढे दिवसही यातूनच जातात. आपल्या घरातल्या बाईंनी तीन आठवडे आधी घेतले. उरले २३, म्हणजे पाच महिने आणि थोडे दिवस. वर्षाचे आठवडे ५२. २३ वजा केले की २९ आठवडे उरतात, साधारण पावणेसात महिने. पहिल्या वर्षाचा खरा हिशेब या २९ आठवड्यांचा आहे.

त्या घरीच राहिल्या तर बुडणारा पगार आठवड्याला ६,००० प्रमाणे १,७४,०००. हा आकडा ऐकला की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "इतके पैसे सोडायचे?" दुसरा म्हणतो, "बाळापेक्षा पैसा मोठा का?" दोघांनी अजून दुसरी बाजू मांडलेलीच नसते : कामावर गेल्यावर त्यातलं हातात किती राहतं?

चांगल्या पाळणाघराचे दिवसभराचे महिन्याला ९,००० धरू. सहा महिन्यांच्या आतलं बाळ बरीच पाळणाघरं घेत नाहीत, हे आधीच विचारून ठेवावं. पाळणाघरापर्यंतच्या रिक्षाचे १,०००. दिवसभर आई नसल्याने डब्याच्या दुधाचे किंवा दूध काढून ठेवण्याच्या साधनांचे मिळून १,५००. काढलेलं दूध बाहेर चार तासच टिकतं, त्यामुळे फ्रीज आणि बर्फाची पिशवी लागतेच. शिवाय पाळणाघरात गेलेलं बाळ पहिल्या काही महिन्यांत वारंवार सर्दी-तापाने आजारी पडतं. तापलेल्या बाळाला पाळणाघर ठेवून घेत नाही, मग आईचा बिनपगारी खाडा. महिन्याला दीड दिवस धरला तर दिवसाला १,००० प्रमाणे १,५०० गेले. आणि जाण्यायेण्याचे नेहमीचे २,०००. ही बेरीज १५,००० होते. २६,००० च्या पगारातले घराला मिळतात ११,०००.

म्हणजे घरी राहण्याची किंमत १,७४,००० नाही. ती पावणेसात महिन्यांची सुमारे ७४,००० आहे. हा आकडा समोर असला की बोलणं बदलतं. ११,००० साठी पाच महिन्यांच्या बाळाला दिवसाचे दहा तास दूर ठेवायचं की नाही, हे प्रत्येक घराने ठरवावं. काही घरांत तेच ११,००० भाड्याला पुरतात, तिथे जायलाच हवं. नानी सोलापूरहून तीन महिन्यांसाठी आली तर ९,००० वाचतात, पण तिचा प्रवास, औषधं आणि कपडे-भांड्यांना ठेवलेली बाई यांचे चार हजार मांडावेत. नानीला फुकट धरणं हिशेबाच्याही दृष्टीने चूक आहे आणि तिच्या गुडघ्यांच्याही.

एक गोष्ट मात्र या ७४,००० मध्ये येत नाही : नोकरी टिकते की जाते. भरपगारी रजेच्या काळात कामावरून काढता येत नाही. त्यापुढची बिनपगारी रजा देणं मालकावर बंधनकारक नाही. राजीनामा देऊन वर्षानंतर नवी नोकरी शोधायला चार महिने लागले, तर १,०४,००० आणखी गेले, आणि पगार पूर्वीइतका मिळेलच असं नाही. म्हणून रजेवर जातानाच बिनपगारी वाढीव रजेचा अर्ज लेखी देऊन लेखी होकार घ्यावा. घरून काम करता येण्यासारखं असेल तर रजेनंतर तसं काम मालकाशी ठरवून घेण्याची तरतूद कायद्यातच आहे, आणि हिशेबनीसाचं काम तसं असतं. पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची असते. तीही विचारावी. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

घरी राहायचं ठरलं तर महिन्याची तूट किती? खर्च ४९,०००, त्यात बाळाचे ३,००० वाढले, बाईंच्या जाण्यायेण्याचे २,००० कमी झाले, म्हणजे ५०,०००. नवऱ्याचे ३२,००० वजा केले तर १८,००० चं भगदाड. इथे भिशी उपयोगी पडते, पण तिची वेळ साधावी लागते. १२ जणांची ५,००० ची भिशी गरोदरपणाच्या दुसऱ्या महिन्यात सुरू केली आणि आपला नंबर शेवटचा घेतला, तर बाळ चार-पाच महिन्यांचं असताना ६०,००० हातात येतात, आणि नेमका पगार थांबतो तेव्हा हप्ताही संपलेला असतो. बरेच जण उलट करतात. पहिला नंबर उचलून बाळंतपणात खर्चतात आणि पगार बंद झाल्यावरही हप्ते भरत बसतात. शेवटच्या नंबराचा धोका एवढाच की भिशीला कायद्याचा आधार नसतो, तेव्हा ती ओळखीच्या आणि वेळेवर देणाऱ्या माणसांचीच असावी.

हप्ता संपल्यावर तूट १३,००० वर येते. पावणेसात महिन्यांचे झाले सुमारे ८७,०००. भिशीचे ६०,००० आले. भरपगारी रजेच्या पाच महिन्यांत पगार ५८,००० आणि खर्च ५०,०००, म्हणून महिन्याला ८,००० प्रमाणे ४०,००० बाजूला पडतात. एकूण एक लाख. व्याजाचं कर्ज न काढता, क्रेडिट कार्डाचा हप्ता न करता वर्ष निघालं आणि १३,००० उरले. गाडी अडते ती या ४०,००० पाशी. बाळंतपणानंतरच्या रजेचा पगार कायद्याने बाळंतपणाचा दाखला दिल्यावर ४८ तासांत एकदम द्यायचा असतो. असा एकरकमी पैसा आला की अकीक्याची दावत दोनशे माणसांची होते. तो पैसा वेगळ्या खात्यात टाकावा आणि दर महिन्याला २६,००० च काढावेत.

अकीक्याबद्दल विचारणा येतेच म्हणून सांगतो. तो या वर्षाच्या खर्चात धरू नये, बाळ येण्याआधीच्या बचतीतून करावा. सातव्या दिवशी जमलं नाही तर पुढेही करता येतो, ऐपत नसेल तर बंधन नाही, आणि त्यासाठी कर्ज काढायला दीन सांगत नाही. मुलासाठी दोनऐवजी एक बकरा चालेल का, हे आपल्या मौलाना साहेबांना विचारावं. केसांच्या वजनाइतक्या चांदीचा सदका मात्र कुठल्याही घराला झेपतो, कारण नवजात बाळाच्या केसांचं वजन असतं किती!

आणखी एक प्रश्न या २९ आठवड्यांत हमखास उठतो : तूट कुणाची? शरीयतनुसार बायकोची कमाई तिची स्वतःची असते आणि घरखर्चाची जबाबदारी नवऱ्याची. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दूध पाजणाऱ्या आईच्या अन्न-वस्त्राचा भार रीतीप्रमाणे बापावर ठेवला आहे, आणि कुणावर ऐपतीबाहेर भार नाही हेही तिथेच सांगितलं आहे. प्रत्यक्षात आपल्या नमुना घरात भाडं आणि गाडीचा हप्ता दोघांच्या पगारावर बेतलेला आहे. मग तिचा पगार थांबल्यावर "तुझ्यामुळे ओढाताण झाली" हे वाक्य त्या घरात येता कामा नये. ओढाताण गाडीच्या हप्त्यामुळे आहे. बाळ यायच्या आधी तीन महिने फक्त नवऱ्याच्या पगारावर घर चालवून पाहावं, तिचा पगार हात न लावता ठेवावा. कुठलं बिल अडतं ते तेव्हाच कळतं.

शेवटी त्या भगिनींसाठी, ज्यांना पगारी रजा नाहीच. ब्लाऊज शिवणाऱ्या, शिकवणी घेणाऱ्या, मेंदी काढणाऱ्या. त्यांचं बुडणारं उत्पन्न काढताना गेल्या बारा महिन्यांची कमाई मांडून त्यातून धागा-अस्तर-वीज वजा करावी आणि बाराने भागावं. पण तेवढ्यावर थांबू नये. शिवणकामात रमजानचा एक महिना बाकीच्या तीन महिन्यांइतका देऊन जातो. बाळंतपण किंवा चाळीस दिवसांचा चिल्ला त्या महिन्यात येत असेल तर सरासरी खोटी ठरते, तिथे रमजानची कमाई स्वतंत्र वजा करावी. आधीच्या दोन महिन्यांत ऑर्डरी उरकता येतात का, किंवा जावेला-बहिणीला काम देऊन वाटा ठेवता येतो का, ते पाहावं.

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचे पैसे याच भगिनींसाठी आहेत. नोकरीतून पगारी मातृत्व रजा मिळणाऱ्यांना ते मिळत नाहीत. पहिल्या बाळासाठी ५,०००. त्यातले ३,००० गरोदरपणाची नोंदणी आणि तपासणी झाल्यावर, आणि २,००० बाळाच्या जन्माची नोंद व चौदा आठवड्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्यावर. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकरकमी. उत्पन्नाच्या किंवा शिधापत्रिकेच्या पुराव्याची अट आहे, ती अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंकडून समजून घ्यावी. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर विलंब शुल्क लागत नाही. बँकेचं खातं आईच्या स्वतःच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं हवं. बरीच प्रकरणं इथेच अडतात, कारण आधारवर माहेरचं नाव असतं आणि खात्यावर सासरचं. ही दुरुस्ती सातव्या महिन्याच्या आत करून घ्यावी, बाळ हातात आल्यावर आधार केंद्राच्या रांगेत उभं राहणं होत नाही.